यूपीआय लाइट: पिन नाही, मग पैसे गेले तर नुकसान कोणाचं?

प्रश्न: आईच्या फोनवर यूपीआय लाइट चालू करून द्यायचं आहे. भाजी, रिक्षा, दूध असे छोटे खर्च असतात आणि दर वेळी पिन टाकताना ती गोंधळते. पण पिनच लागत नाही म्हटल्यावर भीती वाटते. नेट नसतानाही चालतं असं म्हणतात, ते खरं का? मर्यादा किती? आणि फोन चोरीला गेला तर नुकसान आमचं की बँकेचं?

उत्तर:

चालू करून द्या, पण शिल्लक कमी ठेवा, आपोआप भरणा बंद ठेवा आणि फोनला कुलूप असू द्या. फोन गेल्याचं बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेचं नुकसान. कळवण्याआधी गेलेल्या पैशांवर वाद होऊ शकतो आणि त्या वादात किती दिवसांत कळवलं यावर जवळजवळ सगळं ठरतं.

आधी नेटचा मुद्दा, कारण त्यात सर्वांत जास्त गैरसमज आहे. साधं यूपीआय लाइट वापरायला आईच्या फोनवर इंटरनेट लागतं. याला ऑफलाइन म्हणतात ते वेगळ्या अर्थाने. नेहमीच्या यूपीआयमध्ये दहा रुपयांच्या व्यवहारासाठीसुद्धा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला खातं उघडून पिन तपासावा लागतो आणि रक्कम वजा करावी लागते. लाइटमध्ये तुम्ही आधीच थोडी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असते आणि तिची नोंद फोनमधल्या सुरक्षित भागात असते. खर्च त्या नोंदीतून वजा होतो, मुख्य खात्याला हात लागत नाही. म्हणून बँकेचा सर्व्हर गर्दीत अडकला असला तरी लाइटचा व्यवहार सहसा होऊन जातो. पण समोरच्याच्या खात्यात पैसे पोचवण्याचा संदेश नेटवरूनच जातो. तळमजल्यावरच्या दुकानात रेंज नसेल, तर लाइटही चालणार नाही.

दोन्ही बाजूंना नेट नसताना चालणारा प्रकार म्हणजे यूपीआय लाइट एक्स. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यासाठी दोन्ही फोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन जवळ आणून माहिती पाठवण्याची सोय हवी, दोघांनी लाइट एक्स चालू केलेलं हवं आणि फोन एकमेकांना टेकवावे लागतात. भाजीवाल्याकडे नुसता छापील क्यूआर कोड असेल तर त्याचा उपयोग नाही. बिना-इंटरनेटचा आणखी एक मार्ग म्हणजे *99# डायल करणं. तो साध्या फोनवरही चालतो, पण तिथे पिन लागतोच. म्हणजे तुमच्या आईची अडचण पिनची असेल, तर तिच्या कामाचं साधं लाइटच आहे. पुढचं सगळं प्रामुख्याने त्याबद्दल.

मर्यादा दोन आहेत. एका वेळी किती देता येतात ती पहिली आणि एकूण किती साठवता येतात ती दुसरी. रिझर्व्ह बँकेने ३ जानेवारी २०२२ ला छोट्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट घातली, तेव्हा हे आकडे २०० आणि २,००० रुपये होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५०० झाली. मग ४ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने यूपीआय लाइटसाठी खास वाढ दिली: एका व्यवहाराला १,००० आणि कोणत्याही क्षणी एकूण शिल्लक ५,००० रुपये. बाकीच्या ऑफलाइन साधनांना ५०० आणि २,००० हीच मर्यादा राहिली. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून २०० किंवा ५०० हे आकडे फिरतात, त्यावर जाऊ नका. बँक किंवा ॲप याहून कमी मर्यादा ठेवू शकतं, म्हणून ॲपच्या लाइटच्या पानावर दिसणारा आकडा शेवटचा धरा.

यातून रोजच्या वापरातली एक खूण मिळते, ती आईला नक्की सांगा. पैसे देताना पिन विचारला, तर तो व्यवहार लाइटमधून होत नाहीये. एक तर रक्कम १,०००च्या वर आहे, किंवा लाइटमध्ये तेवढी शिल्लक नाही, किंवा ॲपने पैसे देण्यासाठी मुख्य खातं निवडलं आहे. अशा वेळी घाईत पिन टाकायचा नाही. आधी रक्कम वाचायची. ४० रुपयांच्या कोथिंबिरीला पिन विचारला जातोय म्हणजे लाइट रिकामं झालं असेल, किंवा रकमेत दोन शून्यं जास्त पडून ती ४,००० झाली असेल. दुसरी शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लाइट चालू करताना ॲपमध्ये बँक खातं निवडायचं, रक्कम टाकायची आणि पिन द्यायचा. लाइटमध्ये पैसे भरताना नेट आणि पिन दोन्ही लागतात. नियमच तसा आहे: खर्चाला पिन नको, पण भरण्याला हवा. सगळ्या सुरक्षिततेचा कणा हाच आहे. फोन चोराच्या हातात उघडा मिळाला तरी त्याला लाइटमधली शिल्लकच मिळते, मागच्या खात्यापर्यंत जायला पिन आडवा येतो.

आणि हाच कणा ऑटो टॉप-अप मोडतं. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की खात्यातून ठरावीक रक्कम आपोआप लाइटमध्ये येते. ही सोय चालू करताना एकदा पिन द्यावा लागतो, पुढच्या भरण्यांना लागत नाही आणि पैसे वळण्याआधी सूचना येण्याचीही अट नाही. रिझर्व्ह बँकेने ही सूट देताना कारण दिलं की पैसे ग्राहकाकडेच राहतात, फक्त एका खिशातून दुसऱ्यात जातात. ते बरोबर आहे, पण त्या दुसऱ्या खिशाला कुलूप नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्येष्ठ व्यक्तीच्या फोनवर ऑटो टॉप-अप ठेवू नये. आठवड्याला एकदा तुम्ही जवळ असताना पिन टाकून भरलेलं बरं.

फरक किती पडतो ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू. लाइटमध्ये ३,२०० रुपये आहेत. ऑटो टॉप-अप असं लावलंय की शिल्लक ५०० च्या खाली गेली की २,००० यावेत. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता बसस्टॉपवर कोणीतरी हातातून फोन हिसकावतो. ॲप उघडंच होतं. तो ९५०, ९०० आणि ९८० असे तीन व्यवहार करतो. २,८३० गेले, ३७० उरले. शिल्लक ५०० च्या खाली गेल्याने २,००० आपोआप आले आणि २,३७० झाले. तो आणखी ९९० चे दोन व्यवहार करतो. ३९० उरले, पुन्हा २,००० आले. रात्री नऊला बँकेला फोन लागतो आणि सगळं थांबतं. गेलेली रक्कम ४,८१० रुपये आणि लाइटमध्ये २,३९० शिल्लक. ऑटो टॉप-अप नसतं तर काहीही झालं तरी ३,२०० च्या वर जाऊ शकले नसते. आणि शिल्लक १,००० च ठेवली असती, तर एका व्यवहारात खेळ संपला असता.

आता हे ४,८१० कोणाचे?

रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत तीन गोष्टी स्पष्ट आहेत. दुकानदाराच्या बाजूच्या तांत्रिक किंवा सुरक्षेच्या दोषामुळे नुकसान झालं, तर ते दुकानदाराला सेवा देणाऱ्या बँकेचं. ग्राहकासाठी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे जे संरक्षणाचे नियम आहेत, ते या छोट्या व्यवहारांनाही लागू आहेत. आणि तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. पिन नाही म्हणून संरक्षणही नाही, असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

ते संरक्षण कसं चालतं हे बँकांसाठीच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही, त्याने कधी कळवलं हेही बघितलं जात नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ग्राहकाने मर्यादित भार उचलायचा. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू. आणि चूक ग्राहकाची असेल, म्हणजे त्याने पिन कुणाला दिला वगैरे, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

इथे लाइटच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसातला "मर्यादित भार" म्हणजे व्यवहाराची रक्कम किंवा ठरलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी ते. ही कमाल रक्कम मूलभूत, म्हणजे किमान शिल्लक ठेवावी न लागणाऱ्या बचत खात्याला ५,००० आणि साध्या बचत खात्याला १०,००० रुपये आहे, आणि हिशेब प्रत्येक व्यवहारामागे होतो. लाइटचा व्यवहार १,००० च्या वर जातच नाही. म्हणून जे कमी ते म्हणजे नेहमी व्यवहाराचीच पूर्ण रक्कम. मोठ्या फसवणुकीत ही तरतूद ग्राहकाला वाचवते. लाइटमध्ये चौथ्या दिवशी कळवलं तर ती एक रुपयाही वाचवत नाही. तीन दिवस हीच खरी रेषा.

वरच्या उदाहरणात ते दिवस मोजू. संदेश गुरुवारी आले. संदेश मिळाल्याचा दिवस धरत नाहीत. शुक्रवार पहिला. शनिवार महिन्याचा दुसरा असेल तर बँक बंद, रविवारही बंद. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. बुधवारी कळवलंत तर उशीर झाला. त्यातच संदेश येतात ते चोरीला गेलेल्या फोनमधल्या नंबरवर. लाइटसाठी प्रत्येक व्यवहाराचा वेगळा संदेश पाठवायची सक्तीही नाही. प्रत्येक व्यवहाराचा तपशील ग्राहकाला मिळावा, एवढीच अट आहे, म्हणून काही वेळा दिवसभराच्या व्यवहारांचा एकत्र संदेश येतो. म्हणजे नव्या सिमची वाट बघत बसलात तर दिवस हातचे जातात. संदेशाची वाट बघायची नाही, फोन गेला की लगेच कळवायचं.

"फोन हरवू दिला म्हणजे तुमचाच निष्काळजीपणा" असं बँकेच्या हेल्पलाइनवरून ऐकावं लागण्याची शक्यता आहे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. पण तुमची बाजू पक्की असायला हवी. फोनला कुलूपच नव्हतं, किंवा पिन फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर होता, तर बँकेचं म्हणणं टिकू शकतं. फोनला पासकोड किंवा बोटाचा ठसा आणि ॲपला वेगळं कुलूप असेल, तर तुम्ही तुमच्या बाजूने काळजी घेतली होती असं म्हणता येतं. ॲपच्या सेटिंगमध्ये हे कुलूप "उघडताना दर वेळी" असं ठेवा. काही मिनिटांची सवलत दिलेली असेल तर हिसकावलेल्या फोनवर त्याच मिनिटांत पैसे जातात.

फसवून पैसे द्यायला लावलं, हा प्रकार मात्र वेगळा आहे. दुकानाच्या क्यूआर कोडवर कोणी दुसराच चिकटवला आणि आईने स्वतः स्कॅन करून ३०० रुपये दिले, तर यंत्रणेच्या दृष्टीने तो तिने स्वतः केलेला व्यवहार आहे. शून्य नुकसानाचा नियम इथे सहज लागू होत नाही. पिनच्या वेळी माणूस क्षणभर थांबतो आणि नाव वाचतो, लाइटमध्ये तो थांबाच नाही. म्हणून रकमेच्या आधी पडद्यावरचं नाव वाचायची सवय लावा. पैसे "घेण्यासाठी" काहीही स्कॅन करावं लागत नाही, हे तर पाठच करून घ्या.

फोन गेला तर क्रम असा ठेवा. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून त्या खात्याचं यूपीआय आणि लाइट दोन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. मग मोबाइल कंपनीकडून सिम बंद करा. पैसे गेल्याचं दिसत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करा. त्यानंतर पोलीस तक्रार. लोक आधी पोलीस चौकीत जाऊन तास घालवतात. पण कायद्याने घड्याळ थांबतं ते बँकेला कळवल्यावर, म्हणून बँक पहिली. त्याच दिवशी बँकेला ईमेलही करा. त्यात फोन कधी गेला, कधी कळवलं, तक्रार क्रमांक आणि "यानंतरच्या कोणत्याही व्यवहाराला मी जबाबदार नाही" एवढं असलं तरी पुरे. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं.

पुरावा जमवताना पासबुकावर विसंबू नका. पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेल्या रकमेची एक ओळ दिसते, त्यातून काय खर्च झालं ते दिसत नाही. ती यादी ॲपमध्ये असते आणि ॲप चोराकडे गेलेलं असतं. म्हणून बँकेकडे लेखी मागा की या तारखेचे लाइटचे सर्व व्यवहार वेळेसकट द्या. वेळ महत्त्वाची आहे, कारण नऊ वाजता कळवलं आणि ९ वाजून २० मिनिटांनी एखादा व्यवहार झाला असेल, तर तो निर्विवाद बँकेचा. उरलेले २,३९० रुपयेही मागून घ्या. नोंद फोनमध्ये असली तरी खरे पैसे बँकेकडेच असतात.

चोरी नसतानाही पैसे अडकल्यासारखे वाटतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिलं, परतावा. दुकानदाराने पैसे परत केले तर ते लाइटमध्ये येत नाहीत, मुख्य खात्यात येतात. लाइटमधून फक्त खर्च होतो. शिल्लक वाढलेली दिसली नाही म्हणून भांडण्याआधी पासबुक बघा. दुसरं, फोन किंवा सिम बदलणं. लाइट त्या फोनला आणि सिमला बांधलेलं असतं. ॲप काढून टाकण्याआधी किंवा नवा फोन घेण्याआधी लाइट बंद करा, शिल्लक खात्यात परत जाते. हे न करता ॲप काढलं, तर पैसे बुडत नाहीत, पण बँकेच्या मागे लागावं लागतं. लाइट बंद न करता शिल्लक खात्यात परत नेण्याची सोयही ॲप्सना २०२५ पासून द्यावी लागते. गावाला किंवा दवाखान्यात लांब राहायला जाताना ती वापरावी. सहा महिने लाइट वापरलंच नाही तर बँक शिल्लक खात्यात परत पाठवते.

व्यवहार अर्धवट राहिला, म्हणजे लाइटमधून पैसे वजा झाले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका. आधी ॲपमधली स्थिती बघा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआयवर व्यक्तीला दिलेले पैसे अडकले तर पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवशी १०० रुपये भरपाई. ६० रुपये अडकले म्हणून लोक सोडून देतात, पण भरपाई रकमेवर नसून दिवसांवर आहे, म्हणून तक्रार नोंदवाच.

लाइट एक्स कधी वापरलंत तर पैसे घेणाऱ्याच्या बाजूचा धोका ध्यानात ठेवा. टेकवलेल्या फोनवर "मिळाले" असं दिसलं तरी ते बँकेत पोचतात तो फोन पुन्हा नेटवर आल्यावर. त्याआधी घेणाऱ्याचा फोन हरवला किंवा बिघडला, तर अडचण त्याची होते. छोटा विक्रेता दिवसभर असे पैसे घेत असेल, तर त्याने दर काही तासांनी नेट चालू करून व्यवहार पुढे पाठवावेत. देणाऱ्याने दोन्ही पडद्यांवर पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत फोन पुन्हा टेकवू नये, नाहीतर दोनदा पैसे जातील.

आईसाठी मी ठेवली असती ती मांडणी अशी: आठवड्याच्या भाजी-रिक्षाइतकी, म्हणजे हजार-बाराशे रुपये शिल्लक. ऑटो टॉप-अप बंद. फोनला आणि ॲपला बोटाचा ठसा. लाइट जोडायला शक्यतो पेन्शनचं खातं नको, कमी रक्कम असलेलं दुसरं बचत खातं असेल तर ते बरं. बँकेची हेल्पलाइन आणि १९३० हे दोन नंबर तिच्या फोनमध्ये नकोत, कारण गरज पडेल तेव्हा तो फोनच जवळ नसेल. ते तिच्या पर्समधल्या वहीत आणि तुमच्या फोनमध्ये असू द्या.

बँकेने दाद दिली नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे बँकेला पाठवलेला तो पहिला ईमेल, तक्रार क्रमांक आणि व्यवहारांची वेळ असलेली यादी जोडा.